हयातीचा दाखला

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात एकट्या चाकरमान्यांसाठी खोल्यांच्या इमारती आहेत. त्यांना तिथे ‘मॅन्शन’ म्हणतात. अशाच एका मॅन्शनमध्ये आमचा मुक्काम. गल्लीच्या तोंडाशी एका मलयाळी गृहस्थांची चहाची टपरी आहे. सारे त्यांना ‘चेट्टा’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात.

तिथे रोज सकाळी सहा वाजता एक वृद्ध गृहस्थ येत. पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा. ते कोपऱ्यावर दिसताच चेट्टांचा हात आपसूक चाले. कापडी पिशवीतला कडक काढा पेल्यातल्या दुधावर पडे, दोन भांड्यांतून उंचावरून एकदा इकडून तिकडे होई, आणि म्हातारबुवा पोचेपर्यंत फेसाळ पेला फळीवर तयार असे. “वणक्कम्, सार,” चेट्टा म्हणत. “वणक्कम्,” म्हातारबुवा म्हणत. मग दहाची नोट आणि दोन नाणी फळीवर ठेवून ते निघून जात.

आमच्या मनात येई, चेट्टांची ही तत्परताच म्हातारबुवांच्या मुळावर आली आहे. पूर्वी केव्हातरी त्यांना ‘साखर कमी’ एवढे तरी सांगावे लागत असेल. चेट्टांनी ते लक्षात ठेवले आणि ते दोन शब्दही गेले. आता टपरीवर पैसे जमा झाल्याचे सांगणारी एक पेटी आहे. दिवसभरात तीसुद्धा म्हातारबुवांहून अधिक बोलते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या कचेरीत निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यांचे शिबिर भरले. आपण जिवंत आहोत, हे निवृत्ताने वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यायचे. न पटवल्यास पुढे वेतन थांबते. आमच्या मेजासमोर आले ते हेच गृहस्थ. यंत्रावर त्यांनी तीनदा अंगठा ठेवला, तीनदा यंत्राने नकार दिला. वयाबरोबर बोटांवरच्या रेषा झिजतात. त्यात यंत्राचाही दोष नव्हता. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. आम्ही भ्रमणध्वनी त्यांच्यासमोर धरला आणि डोळ्यांची उघडझाप करा म्हणून खुणावले. त्यांनी ती केली आणि सरकारची खात्री पटली.

“घरी कोण असतं, सार?” आम्ही आमच्या मोडक्या तमिळमध्ये विचारले.

“कोणी नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “सकाळी चेट्टा वणक्कम् म्हणतो.”

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. अर्जातला एक रकाना भरावा, तसे सांगितले. आम्हालाही यावर काही बोलणे सुचले नाही. आम्ही पुढचा क्रमांक पुकारला.

डिसेंबर उजाडला आणि ‘मिग्जॉम’ चक्रीवादळ आले. ३ आणि ४ तारखेला शहर पाण्याखाली गेले. वीज गेली, दूध येईना. टपरीची फळी दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी चेट्टांनी बंब पेटवला. सहा वाजून गेले, साडेसहा झाले. कमी साखरेचा पेला फळीवर निवत होता. चेट्टांनी आम्हाला विचारले, “सार दिसले का?”

ते कुठे राहतात, हे चेट्टांना ठाऊक नव्हते. नावही ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. आम्हाला मात्र अर्जावरचा पत्ता आठवत होता. सरकारी कागदावरची माहिती खाजगी कामासाठी वापरू नये, हा नियम आम्ही जाणतो. त्या दिवशी आम्ही तो मोडला.

घर तिसऱ्याच गल्लीत निघाले. दार उघडले ते म्हातारबुवांनीच. अंगात थोडी कणकण होती, इतकेच. आम्ही कशासाठी आलो हे सांगण्याआधीच त्यांनी विचारले, “चेट्टा बरा आहे ना? मी दोन्ही दिवस गुडघाभर पाण्यातून जाऊन आलो. फळी बंद होती.”

आम्ही अवाक् झालो. आजवर आम्ही या गृहस्थांची कीव करीत होतो. त्यांच्या वाट्याला दिवसाकाठी एकच शब्द येतो, एवढेच आम्ही पाहिले होते. त्या शब्दाने ते रोज चेट्टांच्या हयातीचीही नोंद घेत होते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आमच्या मॅन्शनच्या खोलीवर आम्ही दोन दिवस आलो नसतो, तर कोण पाण्यात उतरले असते? आम्ही बराच विचार केला. एकही नाव सुचले नाही.

दोन दिवसांनी म्हातारबुवा टपरीवर आले. एवढ्या प्रसंगानंतर आता दोघे काही बोलतील, या अपेक्षेने आम्ही मुद्दाम रेंगाळलो. “वणक्कम्, सार.” “वणक्कम्.” पेला रिकामा झाला, नोट आणि नाणी फळीवर आली. मग जाता जाता म्हातारबुवा आमच्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

“वणक्कम्,” आम्ही म्हणालो.

तेव्हापासून सहाच्या आत टपरीवर हजर राहण्याचा आमचा प्रयत्न असतो. कचेरीत आम्ही इतके वक्तशीर नाही.