नाही म्हणायचं, पण इंडोनेशियन भाषेत

मागच्या शनिवारी सकाळीच धुळ्याहून मामाचा फोन. "तू जकार्ताच्या प्रोजेक्टवर दोन वर्षं होतास ना? मग एक पत्र करून दे."

मामा धुळ्याला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. संशोधन मात्र जळगावकडच्या केळीच्या रोगांवर. इंडोनेशियातल्या एका नियतकालिकाच्या संपादकांनी त्याला एक शोधनिबंध तपासायला बोलावलं होतं. लेखकांची नावं झाकलेली, पण सारांश वाचताच मामानं ओळखलं की यातल्या काही चाचण्या आपणच या मंडळींबरोबर केल्यात. आता आपल्याच माणसांचा पेपर कसा तपासणार? नकार देणं भागच होतं. पत्र त्यांच्या भाषेतून आलं होतं, तर उत्तरही त्याच भाषेत द्यायचं, हा मामाचा हट्ट.

त्याचं इंग्रजी पत्र तीन ओळींचं. आभार, हितसंबंध गुंतलेत म्हणून तपासू शकत नाही, कळावे. सोपं वाटलं, पण पहिल्याच ओळीत अडलो. इंग्रजी 'यू'साठी 'आंदा' हा शब्द आहे, पण संपादकांना तो कोरडा वाटतो. तिथे पत्रात 'बापाक' किंवा 'इबू' म्हणतात, म्हणजे आपलं 'सर' आणि 'मॅडम'. सुरुवातीला 'यांग तरहोरमात', अर्थात 'माननीय'.

खरी गोम नकारात होती. 'तिदाक बरसदिया' म्हणजे 'माझी तयारी नाही'. हे फटकन तोंडावर दार लावल्यासारखं. म्हणून सभ्य माणसं 'बलुम दापात' लिहितात, म्हणजे 'अजून जमत नाहीये'. मीही तेच लिहिलं आणि खूश झालो. मामाला अर्थ सांगितला तर म्हणाला, "अजून म्हणजे काय रे? पुढच्या महिन्यात जमेल?"

बरोबर होतं त्याचं. वेळ नसता तर 'बलुम' चाललं असतं. इथे कारण कायमचं आहे, आणि संपादकांनी वाट बघत बसू नये. शेवटी असं लिहिलं: 'मोहोन माआफ, साया तिदाक दापात', म्हणजे 'क्षमा असावी, मला शक्य नाही'. पुढे लगेच 'करेना' आणि कारण: 'बंतुरान कपंतिंगान', हितसंबंधांचा संघर्ष. सौजन्य आधीच्या माफीत आणि नंतरच्या कारणात ठेवलं, नकार मात्र स्वच्छ. शेवटी त्या गटाबाहेरच्या एका जाणकाराचं नाव सुचवलं, आणि सारांश कुणाला दाखवणार नाही हेही लिहिलं.

गंमत म्हणजे मामाला अर्ध पत्र न शिकवता कळलं. 'माआफ' म्हणजे माफ, 'करेना' म्हणजे कारण. पेपर तपासणाऱ्याला तर ते 'मित्रा बस्तारी' म्हणतात, त्यात आपला मित्र बसलेलाच आहे!

दुसऱ्या दिवशी संपादकांचं उत्तर आलं. आभार मानले होते, आणि सुचवलेल्या जाणकारांना त्याच दिवशी पत्र गेलं होतं. 'बलुम' लिहिलं असतं तर बहुधा महिन्याभरानं मामालाच स्मरणपत्र आलं असतं.