‘क्वाइट गुड’ म्हणजे नेमकं किती गुड?

घाटाखाली, मलकापूरच्या बाजूला, मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. फळ्यावर माझी एक ठरलेली शिडी असायची. सगळ्यात खाली ‘फेअरली’, वर ‘क्वाइट’, मग ‘रादर’, त्यावर ‘प्रिटी’ आणि शेंड्याला ‘व्हेरी’. समोर टक्केसुद्धा लिहायचो. पोरं खूश, कारण इंग्रजीत इतकं सोपं सहसा काही मिळत नाही. शिडी कुठल्याशा गाईडातून उचललेली होती. ती खरी का, हे मी कधी तपासलं नाही.

ती मोडली एका शिफारसपत्रानं. माझी एक विद्यार्थिनी इंग्लंडमधल्या विद्यापीठासाठी अर्ज करत होती. मी लिहिलं, ‘हर इंग्लिश इज क्वाइट गुड.’ मनात होतं, पोरीचं इंग्रजी चांगलंच आहे. तिकडे बरीच वर्षं काढलेल्या एका मित्राला मसुदा दाखवला. त्याचा लगेच फोन, “काय हो सर, पोरीशी काही वैर आहे का?”

मग त्यानं समजावलं. इंग्रज माणूस शिफारसपत्रात ‘क्वाइट गुड’ वाचतो तेव्हा त्याला ‘बरं आहे’ असं ऐकू येतं. पाहुण्यानं जेवून उठताना ‘बरं होतं’ म्हटलं की स्वयंपाक करणारीला जे कळतं, तेच. गंमत म्हणजे हेच पत्र अमेरिकेला गेलं असतं, तर तिथल्या वाचकानं बहुधा ‘खूप चांगलं’ असा अर्थ घेतला असता. शब्द तोच, पण कुणी वाचला त्यावर मुलीचं इंग्रजी वर किंवा खाली जाणार.

माझी दुसरी चूक याहून जुनी. ‘क्वाइट इम्पॉसिबल’चा अर्थ मी वर्गात ‘बऱ्यापैकी अशक्य’ असा सांगायचो आणि कुणी हसायचंही नाही. ‘क्वाइट’चा जुना अर्थच ‘पूर्णपणे’ असा आहे. ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ नंतर चिकटला. ज्या गुणाला कमी-जास्त अशी मापं नाहीत, तिथे जुना अर्थ अजून टिकून आहे. अशक्य हे अशक्यच असतं, म्हणून ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे साफ अशक्य. ‘क्वाइट राइट’, ‘क्वाइट डिफरंट’ यांचंही तसंच. चांगलं, थंड, महाग यांना मापं आहेत. तिथे ‘क्वाइट’ ढिला पडतो.

आणि तिथेही आवाज सगळं फिरवतो. ‘गुड’वर जोर दिला तर ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं. जोर ‘क्वाइट’वर गेला, तर पुढे ‘पण’ येणार हे ओळखावं. आपल्याकडे ‘पीक बरं आहे’ हे वाक्य बांधावर उभा शेतकरी कसं म्हणतो, त्यावर सोयाबीन पिकलं की बुडालं ते कळतं. कागदावर मात्र हा जोर उमटत नाही, आणि माझं पत्र तर कागदच होतं.

‘फेअरली’ आणि ‘रादर’ मी एकाच्या वर एक ठेवले होते. दोघांत खरा फरक मापाचा कमी आणि मनाचा जास्त. मे महिन्यात आम्ही घाटाखालचे लोक राजूर घाट चढून बुलडाण्याला गेलो की ‘इट्स फेअरली कूल हिअर’ म्हणावं: हवी होती तशी हवा मिळाली, बरं वाटलं. डिसेंबरात पहाटे त्याच गावात स्वेटर न घेता उतरलो, तर ‘रादर कूल’. पारा काय सांगतो हा प्रश्न नाही. ‘रादर’मध्ये ‘नको होतं’ची कुरकुर आहे. कौतुकाच्या शब्दाला तो लागला, तर कुरकुरीच्या जागी नवल येतं. ‘रादर गुड’ म्हणजे अपेक्षेहून चांगलं निघालं. शिवाय ‘रादर बेटर’, ‘रादर टू बिग’ चालतं. ‘फेअरली बेटर’ कुणी म्हणत नाही. माझ्या शिडीवरून मात्र पोरांनी ते लिहिलं आणि मी बरोबरची खूण केली.

‘प्रिटी’चं माझं पाप वेगळं. तो ‘व्हेरी’च्या खालोखाल टाकला होता, पण बोलण्यात त्याचं वजन साधारण ‘फेअरली’च्या आसपास, कधी थोडं जास्त, आणि तेही आवाजावर. ‘हाउ आर यू?’ला थकल्या सुरात ‘प्रिटी गुड’ आलं, तर ‘चाललंय’ एवढंच समजावं. शिवाय तो बोलण्यातला शब्द. माझ्या जोरावर काही पोरांनी तो नोकरीच्या अर्जात घातला: ‘माय टायपिंग इज प्रिटी फास्ट.’

शिफारसपत्र पुन्हा लिहायला बसलो तेव्हा ‘क्वाइट’ काढून ‘व्हेरी’ घालण्याचा मोह झाला. मित्र म्हणाला, तेही नको. मग लिहिलं की ही मुलगी इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी वाचून तिचा गोषवारा स्वतःच्या वाक्यांत लिहिते आणि त्यात व्याकरणाची चूक क्वचितच सापडते. कितपत गुड, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.