चार ओळींची वही

मला एक सवय आहे. कुणाला भेटून बाहेर पडले की जिन्यात नाहीतर रिक्षात बसल्या बसल्या चार ओळी खरडायच्या. घरचे "आली सीआयडी" म्हणतात. म्हणोत बापडे!

ही काही माझी शोधाशोध नव्हे. १९३२ साली रूझवेल्टच्या प्रचाराची धुरा सांभाळणारे जेम्स फार्ली भेटलेल्या माणसांच्या अशाच नोंदी ठेवत. अमेरिकेत त्याला 'फार्ली फाइल' असं नावच पडलं. त्यांचं काम मतांचं होतं, माझं आपलं नातेवाइकांचं.

लगेच का लिहायचं? कारण घरी पोचेपर्यंत गोष्टीचा सारांश उरतो आणि माणसाचे शब्द जातात. खरी मेख शब्दांतच असते.

मिरजेच्या आत्याचंच बघा. आतोबांच्या मागे त्यांची पेटी कोपऱ्यात पडून आहे. जुलैत गेले तेव्हा म्हणाली, उंदरांनी भाता कुरतडलाय. स्टँडवर येऊन मी लिहिलं: "पेटी. भाता फाटलाय. 'दाखवायला हवी गं, पण धीर होत नाही.' नातीची दहावी. लिंबाचं लोणचं पाठवीन म्हणाले."

रात्री लिहिलं असतं तर "पेटी बिघडली आहे" एवढंच उरलं असतं. मग दिवाळीत मी विचारलं असतं, "काय गं, पेटी दुरुस्त केलीस का?" आणि ती "नाही गं, राहिलंच" म्हणून चहा टाकायला उठली असती. 'धीर होत नाही' हे कागदावर होतं म्हणून मी नुसतं म्हटलं, "पेटी तिथंच आहे ना अजून?" आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उघडली की त्यांच्या तपकिरीचा वास येतो. दुरुस्तीवाला आतून पुसून काढेल." मिरजेत वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांची काय वानवा? अडलं होतं ते हे.

म्हणून माझ्या चार ओळी ठरलेल्या आहेत: तारीख आणि जागा, तिचं एखादं वाक्य जसंच्या तसं, अर्धवट राहिलेली गोष्ट, आणि मी कबूल केलेलं काम. माझं मत लिहीत नाही. "आत्या खचली आहे" असं लिहिलं की पुढच्या वेळी ती हसत असली तरी मला खचलेलीच दिसणार.

एक सांभाळावं लागतं. नोंद जुनी होते. "मुलाचं जमत आलंय" असं लिहिलेलं असतं आणि सहा महिन्यांत ते मोडलेलं असतं. तिथं "लग्न कधी?" विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. अशा वेळी "मुलगा कसा आहे?" एवढंच विचारावं, बाकीचं त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतात. आणि एकामागून एक नोंदी विचारत सुटलं की समोरचा "हो", "नाही" वर येतो. तसं झालं की समजावं, आपण उलटतपासणी घेतोय. एका भेटीला एकच धागा पुरतो.

"कुणाला सांगू नकोस" म्हणून सांगितलेलं मात्र मी लिहीत नाही. वही कुणाच्याही हाती लागू शकते.