ओळखा पाहू, कुठलं गाणं?



गेल्या महिन्यात जाऊबाई आणि भाऊजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. बोईसरला जेवण ठेवलं होतं, अर्थात सूर्यास्ताच्या आत. पालघरहून आम्ही दुपारीच निघालो. दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींना पक्षाघात झाला. समजतं सगळं, पण बोलताना शब्द सापडत नाहीत. चारचौघांत कोणी काही विचारलं की ते खाली बघतात. म्हणून त्यांच्यासमोर माइक न्यायचा नाही, हे मी आधीच ठरवलं. पण त्यांच्याच समारंभात ते नुसते बसून राहिले असते, तेही बरं नव्हतं.

जाऊबाईंना एकटीला गाठून पहिल्या नाचाचं विचारलं. आपल्याकडे तेव्हा नवराबायको कुठले नाचायला! पण लग्नानंतर तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याच्या स्नेहसंमेलनात लोकांनी दोघांना ओढलं होतं. टेपवर लागलं होतं ‘वक्त’मधलं, बलराज साहनी अचला सचदेवला उद्देशून म्हणतात ते. भाऊजींनाही वेगळं विचारून घेतलं. (बीकॉमची सवय. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.) त्यांनी मान हलवून टाळी वाजवून दाखवली. जुळलं.

मी दोनच मिनिटं बोलले. तो स्नेहसंमेलनाचा किस्सा सांगितला आणि म्हटलं, "गाणं कुठलं, ते तुम्ही ओळखायचं. बरोबर की चूक, ते भाऊजी ठरवतील. त्यांनी मान हलवली तरच गुण!"

अवघड खूण आधी द्यायची. बलराज साहनींचं नाव आधी घेतलं असतं तर खेळ तिथेच संपला असता. पहिली खूण दिली, संगीतकार रवी. सगळे गप्प. दुसरी, आवाज मन्ना डे. कोणी ‘पडोसन’ म्हणालं, कोणी ‘आनंद’. लोकांना गायक आठवला की संगीतकार विसरतो! प्रत्येक उत्तराला भाऊजी ठासून मान हलवायचे, नाही. तिसऱ्या चुकीला तर त्यांनी कपाळावर हात मारला आणि सगळे हसले. चेहरा असा खुललेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

शेवटची खूण, १९६५ चा सिनेमा आणि कव्वालीची टाळी. मी टाळी धरली, तर भाऊजी उजव्या हाताने टेबलावर तोच ठेका धरू लागले. डावा हात मांडीवरच होता.

"जोहराजबीं!" मागच्या टेबलावरून त्यांचे कारखान्यातले जुने सोबती ओरडले.

भाऊजींनी मान हलवली. मग चाल गुणगुणू लागले. बोलणं गेलेल्या काहींना गाता येतं असं डॉक्टर म्हणाले होते खरे, पण घरी कधी त्यांनी सूर लावला नव्हता. दोन-तीन शब्दही स्पष्ट आले. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात वाढपी आला आणि म्हणाला, "काकू, सूर्य मावळायला वीस मिनिटं राहिलीत." आम्ही लगेच पानावर बसलो.