माग अडला की सूत अडले?

मालेगावात गुरुवारी संध्याकाळी हिशेब बसतात, कारण शुक्रवारी माग बंद असतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वाणिज्य हा माझा विषय नव्हे. पण मामूंचे चोवीस मागांचे शेड आहे आणि त्यांची वही गेली काही वर्षे मीच लिहितो. या वहीने मला एक प्रश्न शिकवला. पुस्तकात तो ‘मर्यादित घटक’ या नावाने येतो. आमच्याकडे तो असा विचारला जातो: मागावर कोणते कापड चढवायचे?

मामूंच्या शेडमध्ये दोन प्रकारची कापडे निघतात. दोन्हींचा ताणा एकच, सूत एकच, पन्ना एकच. फरक फक्त बाण्यात. एका कापडात इंचाला 40 पीक, दुसऱ्यात 60. पीक म्हणजे धोटा एकदा इकडून तिकडे गेला की बाण्याचा जो एक धागा पडतो तो. 40 पीकाला आम्ही पातळ म्हणतो, 60 पीकाला जाड. बीम तेच राहते, त्यामुळे पातळाचे जाड करायला मागावरचे पीकाचे चाक बदलले की काम भागते. म्हणजे निवड खरोखर मालकाच्या हातात असते, आणि म्हणूनच ती दर आठवड्याला डोके खाते.

आकडे बाजारात रोज हलतात. इथे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून देतो. पातळ कापड मीटरला 24 रुपयांनी विकले जाते. त्यात सूत 16 रुपयांचे, सायझिंग 1.20, विणकराची मजुरी 2 आणि वीज व किरकोळ 80 पैसे. एकूण 20 रुपये. हातात राहतात 4 रुपये. जाड कापड 30.80 ला जाते. सूत 20, सायझिंग तेवढेच 1.20, मजुरी 3, वीज व किरकोळ 1.20. एकूण 25.40. हातात राहतात 5.40. या उरणाऱ्या रकमेला वाणिज्याच्या पुस्तकात अंशदान म्हणतात. शेडचे भाडे, मुनीमाचा पगार, कर्जाचा हप्ता हे सारे याच रकमेतून जाते. ते खर्च मीटरवर वाटून मी वहीत लिहीत नाही, कारण कोणतेही कापड विणले तरी ते तेवढेच राहतात. निवड करताना ते मध्ये आणले की हिशेब फक्त गढूळ होतो.

आता कोणीही म्हणेल, जाड कापडात मीटरमागे एक रुपया चाळीस पैसे जास्त सुटतात, तर जाडच विणा. मामूंचे शेजारी हेच म्हणत. मामूंनी त्यांना एकच गोष्ट विचारली, “मीटर विकता ते ठीक, पण तुमच्याकडे कमी काय आहे? मीटर की वेळ?”

आमच्याकडचे साधे माग मिनिटाला साधारण 120 पीक टाकतात. तासाला 7200 झाले. पण धागा तुटतो, धोट्यातली कांडी संपते, विणकर एकटा सहा-आठ माग सांभाळतो. म्हणून आम्ही शंभरातले ऐंशीच धरतो: तासाला 5760 पीक. मीटरमध्ये 39.37 इंच. पातळ कापडाच्या एका मीटरला सुमारे 1575 पीक लागतात, म्हणजे तासाला 3.66 मीटर निघते. जाडाच्या मीटरला सुमारे 2362 पीक, म्हणजे तासाला 2.44 मीटर.

आता अंशदान तासावर मांडा. पातळ: 3.66 गुणिले 4, म्हणजे 14.64 रुपये. जाड: 2.44 गुणिले 5.40, म्हणजे 13.18 रुपये. मीटरवर जिंकलेले कापड तासावर हरले. आठवड्याला सहा दिवस, रोज वीस तास वीज मिळाली असे धरले तर एक माग 120 तास चालतो. पातळ कापडावर तो माग 1757 रुपये देतो, जाडावर 1581. चोवीस मागांचा फरक आठवड्याला चार हजार रुपयांच्या पुढे जातो.

हा हिशेब याहून सोपा करता येतो, आणि धंद्याने तो कधीच करून ठेवला आहे. आमच्याकडे विणाईची मजुरी पीकावर ठरते. इतक्या पीकाच्या कापडाला मीटरमागे पीकाला इतके पैसे. वरच्या दोन्ही कापडांत विणकराला पीकामागे पाचच पैसे पडतात. अंशदानही तसेच पीकावर मांडा. पातळ: 4 रुपये भागिले 40, पीकाला 10 पैसे. जाड: 5.40 भागिले 60, पीकाला 9 पैसे. मागाचा वेळ म्हणजे शेवटी पीकच. मग व्यापारी आला की मामू कागद घेत नाहीत. जाड कापडावर मीटरमागे किमान 6 रुपये सुटत असतील तरच ते पातळाच्या बरोबरीला येते, हे त्यांच्या तोंडावर असते. त्यात एक खोच आहे. दाट कापडात धागा जास्त तुटत असेल तर शंभरातले ऐंशी राहत नाहीत, पंचाहत्तर होतात. तेव्हा 6 रुपयेही पुरत नाहीत.

इथवरचा हिशेब एका अटीवर उभा आहे: सूत हवे तेवढे मिळते आणि कमी आहे तो फक्त मागाचा वेळ. ही अट मोडली तर काय होते, ते मला एका टंचाईच्या आठवड्यात दिसले. सूत व्यापाऱ्याने उधारी आखडली. शेडला पातळ कापड पूर्ण चालवायचे तर आठवड्याला सुमारे 843 किलो सूत लागते. आले 500 किलो. माग रिकामे उभे राहणार हे ठरलेच. अशा वेळी तासाचा हिशेब कामाचा नाही, कारण तास आता उरलेले आहेत. कमी आहे तो किलो.

पातळ कापडाला मीटरमागे सुमारे 80 ग्रॅम सूत लागते, जाडाला 100. पीक दीडपट झाले, पण सूत फक्त सव्वापट वाढले. असे का? ताणा दोन्हींत सारखाच आहे, वाढला तो एकटा बाणा. मागाचा वेळ फक्त बाण्याने खाल्ला जातो; सूत मात्र ताणा आणि बाणा दोघे मिळून खातात. म्हणून वेळेच्या बाबतीत जाड कापड महाग आणि सुताच्या बाबतीत तुलनेने स्वस्त. एका किलोतून पातळ कापड साडेबारा मीटर निघते आणि 50 रुपये सुटतात. जाड दहाच मीटर निघते, पण 54 रुपये सुटतात. 500 किलोत पातळाचे 25,000 झाले असते, जाडाचे 27,000. कालपर्यंत हरणारे कापड त्या आठवड्यात जिंकले, आणि भाव तर एकाही मालाचा बदलला नव्हता.

मला त्या आठवड्यात पैशांहून मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच होती. 500 किलो पातळात घातले असते तर चौदा-पंधरा मागांपुरतेच काम होते. जाडात ते सतरा-अठरा मागांना पुरले. तीन माग म्हणजे निम्म्या विणकराचा आठवडा. मजुरी पीकावर मिळते. पीक जितके जास्त पडतील तितकी त्याच्या घरी रोटी जाते. टंचाईत जास्त पीकाचे कापड चढवले तर मालकाची आणि कारागिराची बाजू एकच असते, हे मी वहीतच पाहिले. नेहमी असे जुळेलच असे नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात 750 किलो आले. हा आकडा अडचणीचा. सगळे माग पातळावर लावले तर सूत पुरत नाही, 37,500 रुपयांवर गाडी अडते. सगळे जाडावर लावले तर माग संपतात, सूत जवळपास पन्नास किलो उरते आणि मिळतात सुमारे 37,950. दोन्ही गोष्टी एकदम अडू लागल्या की एका भागाकाराने उत्तर निघत नाही. तेव्हा आधी चोवीसही माग जाडावर धरायचे, आणि उरलेल्या सुतात एकेक माग पातळावर वळवत जायचे. एक माग वळवला की आठवड्याला सुमारे सहा किलो सूत जास्त लागते. उरलेले सत्तेचाळीस किलो आठ मागांना पुरते. आठ माग पातळ, सोळा जाड: 39,350 रुपये. दोन्ही टोकांपेक्षा मधले उत्तर सरस ठरले, आणि सूतही संपले, मागही संपले.

हे सगळे करण्याआधी नेमके काय अडले आहे ते ओळखता आले पाहिजे, आणि त्यासाठी वहीपेक्षा शेडमध्ये एक फेरी मारणे बरे. सायझिंगहून आलेली बीमे भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट पाहत असतील तर माग कमी आहेत. माग उभे आहेत आणि विणकर कांड्यांसाठी हाका मारतो आहे, तर सूत कमी आहे. आणि थानांचे ढीग दारापर्यंत आले असतील तर ना माग कमी, ना सूत. गिऱ्हाईक कमी आहे. तेव्हा कोणत्याही हिशेबाने जिंकलेले कापड खपेल तेवढेच विणायचे आणि उरलेले माग दुसऱ्या नंबरच्या कापडाला द्यायचे. व्यापारी आठवड्याला पातळ सहा हजार मीटरच उचलतो म्हणाला, तर चौदा माग त्याचे आणि दहा जाडाचे.

याच ओळखीवर आणखी एक निर्णय ठरतो. दलाल सांगतो, सूत आहे, पण किलोला तीस रुपये जास्त पडतील. 500 किलोच्या आठवड्यात ते घ्यावे, कारण एकेक जास्तीचा किलो नेहमीच्या भावात 54 रुपये सोडतो. तीस दिले तरी चोवीस उरतात. पण माग भरून चालले असतील त्या आठवड्यात तेच सूत एक रुपयाही जास्त देऊन घेण्यात अर्थ नाही, ते कोपऱ्यात पडून राहील. तेव्हा पैसे खर्चायचेच तर मागाचा तास विकत घ्यावा: वीज नसलेल्या वेळी जनरेटरवर एक माग तासभर चालवायला नेहमीच्या विजेपेक्षा 14 रुपयांहून कमी जास्तीचा खर्च येत असेल तर चालवावा, त्यापुढे बंद ठेवावा.

मामू आता सूत आले की आधी पोती मोजतात, मग मागांच्या रांगेवरून नजर फिरवतात, आणि मगच कुठल्या मागाचे चाक बदलायचे ते सांगतात. मी वहीत पानाच्या डोक्यावर तारखेशेजारी एक शब्द लिहितो: माग, सूत किंवा गिऱ्हाईक. त्या आठवड्याचा सगळा हिशेब त्या एका शब्दाखाली मांडायचा असतो.