मांडवी खाडीतलं पाळणाघर

मुलांनो, वेंगुर्ल्याला गेलात तर समुद्र बघून लगेच परत फिरू नका. तिथल्या मांडवी खाडीतून होडीनं एक चक्कर मारा. आमच्या चौथीच्या वर्गातली नऊ मुलं, मी आणि होडी वल्हवणाऱ्या काकी, अशी आमची फेरी नुकतीच झाली.

दोन्ही काठांवर खारफुटीचं दाट रान होतं. काकी त्याला कांदळवन म्हणत होत्या. कांदळाच्या झाडाला खोडापासून कमानीसारखी मुळं फुटतात आणि ती चिखलात रुततात. जणू झाड कोळ्यासारखं पायांवर उभं आहे! शेजारच्या तिवराची तऱ्हा निराळी. त्याची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून ती वरून हवा घेतात.

तेवढ्यात एक यांत्रिक होडी भर्रकन गेली. तिच्या मागून लाट उठली. उजव्या काठावर होड्या लावायला थोडी झाडं तोडलेली होती. तिथं लाट थाडकन आपटली आणि मातीचा एक लपका सुटून पाण्यात पडला. डाव्या काठाला मात्र ती मुळांत शिरली, चार हात आत गेली आणि विरली.

"बघितलास मा बाई? आत गेली ती भायर इलीच नाय," काकी म्हणाल्या.

असं का होतं? प्रत्येक मुळाला घासून जाताना पाण्याचा जोर कमी होतो. असं शेकडो मुळांपाशी घडलं की लाट थकते. शास्त्रज्ञांच्या मोजणीत खारफुटीचा १०० मीटर रुंदीचा पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो असं दिसलंय. म्हणजे एक मीटरची लाट पलीकडे पोहोचेपर्यंत ८७ सेंटिमीटर तरी होते, नाहीतर पार ३४ सेंटिमीटरवर येते. झाडी किती दाट आणि पाणी किती खोल, यावर ते ठरतं.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा काकींनी हीच होडी आत आणून कांदळाच्या बुंध्यांना बांधली होती. होडी वाचली.

"मग वादळात घर सोडायचंच नाही ना?" बंड्यानं विचारलं. प्रश्न मोठा चांगला होता. कारण चक्रीवादळात दोन संकटं येतात. एक लाटांचं, दुसरं समुद्राच्या फुगवट्याचं. वारा समुद्राला किनाऱ्यावर ढकलत राहतो आणि पाण्याची अख्खी पातळीच तासन् तास चढते. हे पाणी मुळांमधून वाट काढत पुढं सरकतं. खारफुटी एक किलोमीटर रुंद असली तरी फुगवटा साधारण ५ ते ५० सेंटिमीटरच उतरतो. तीन मीटर पाणी आलं तर अडीच मीटर उरलंच की!

ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ला महाचक्रीवादळ आलं. पुढे सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या संशोधकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातल्या ४०९ गावांची माहिती तपासली. ज्या गावांच्या पुढं खारफुटीचा पट्टा रुंद होता, तिथं माणसं कमी दगावली होती. पट्टा नसताच, तर किनाऱ्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या गावांत दर गावामागे सरासरी जवळपास दोन माणसं जास्त गेली असती, असा त्यांचा हिशेब आहे. पण त्याहून जास्त जीव वाचले ते आधी मिळालेल्या इशाऱ्यामुळे. म्हणून बंड्या, इशारा आला की निघायचं!

आता काकींनी मुळांपाशी बारीक जाळी बुडवली आणि पाण्याच्या पांढऱ्या टबात उलटी केली. बोटभर लांबीचे मासे, काचेसारखी आरपार दिसणारी सुंगटं, म्हणजे कोळंबी! एका माशाच्या अंगावर फिकट आडवे पट्टे होते. "ही तांबोशी," काकी म्हणाल्या. कुणाचा विश्वास बसेना. बाजारातली तांबोशी लालसर आणि हातभर लांब असते. पट्टे बाळपणी असतात, मोठेपणी जातात.

तांबोशी अंडी घालते ती बाहेर समुद्रात. कोळंबीही तसंच करते. इवली पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात. इथं गळालेली पानं कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात आणि पिल्लांना आयतं जेवण मिळतं. शिवाय ज्या दाटीत लाट अडकते, तिथं मोठ्या माशालाही वळायला जागा नसते. पिल्लू मात्र सुळकन आत! कोळंबी काही महिन्यांत समुद्राकडे परतते, तांबोशी बराच काळ राहते.

फक्त ओहोटीला पंचाईत. मुळं उघडी पडतात आणि पिल्लांना बाहेर खाडीत यावं लागतं. बगळे आणि मोठे मासे टपलेलेच असतात. काकी म्हणाल्या, "भरती इली की पोरा घरात, ओहोटी लागली की पोरा अंगणात."

मग तोडलेल्या काठापाशी जाळी बुडवली. दोन शिंपले आणि एक पान, बस्स. पोरं गप्प झाली. बंड्यानं टब उचलला, डाव्या काठाला नेऊन मुळांत हळूच कलता केला. तांबोशी क्षणभर थांबली आणि पहिल्याच कमानीखाली दिसेनाशी झाली.