बावीस आणि तेवीसच्या मधे

आमच्या संस्थेचे सेवानियम म्हणजे एकूण ८४ नियम. संचालक मंडळाने पितृत्व रजेचा ठराव केला आणि तो नियम त्यात बसवायचं काम माझ्याकडे आलं. नोकरीला लागून तेव्हा तीन महिने झाले होते. मातृत्व रजा नियम २२ मध्ये होती, म्हणून नवा नियम तिच्यामागे टाकून त्याला २३ आकडा दिला आणि पुढचे सगळे एकेकाने सरकवले. हे दहा मिनिटांत उरकलं.

मग लक्षात आलं की नियम एकमेकांची नावं घेतात. ‘नियम २५ च्या अधीन राहून’, ‘नियम २३ खालील रजा वगळता’ असे उल्लेख पानोपानी होते. मी शोधा-आणि-बदला सुरू केलं: २३ चे २४, मग २४ चे २५, मग २५ चे २६. जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळं झालं. वाचायला घेतलं, तर २३ पासूनचा प्रत्येक उल्लेख ‘नियम ८५’ झालेला. साहजिकच होतं म्हणा, २३ चे जे २४ केले होते, तेच पुढच्या फेरीत २५ होत गेले. सुदैवाने मूळ प्रत ठेवली होती. दुसऱ्यांदा शेवटून सुरुवात केली, म्हणजे आधी ८४ चे ८५, मग ८३ चे ८४. या वेळी आकडे नीट उतरले आणि मी मसुदा वाटून टाकला.

दोन दिवसांनी पगारपत्रक करणारे काका मसुदा घेऊन आले. “काय हो, आजारी माणसाची वेतनवाढ आता धरायची नाही का?”

वेतनवाढीच्या नियमात लिहिलं होतं, ‘नियम १९ व २४ खालील काळ वेतनवाढीसाठी धरला जाणार नाही.’ १९ म्हणजे विनापरवाना गैरहजेरी, २४ म्हणजे असाधारण रजा. मी शोधत होतो ‘नियम २४’. इथे २४ च्या आधी ‘नियम’ नव्हता, ‘व’ होता, त्यामुळे तो तसाच राहिला. असाधारण रजा मात्र २५ वर गेली होती आणि २४ वर आली होती वैद्यकीय रजा. वाक्य वाचायला अगदी निर्दोष, कुठे लाल रेघ नाही, आणि अर्थ भलताच.

कायद्याचं काम पाहणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी वर्डमधलं `Cross-reference` दाखवलं. आकडा हाताने न टाइपता तिथून घातला की तो त्या परिच्छेदाला बांधला जातो. नियम सरकले की सगळं निवडून `F9` दाबायचं, उल्लेख आपोआप सुधारतात. बांधलेला परिच्छेदच कुणी पुसला, तर `F9` नंतर त्या जागी `Error! Reference source not found.` असं उमटतं. मला ते भीतीदायक वाटलं. मॅडम म्हणाल्या, “उलट बरं. ही चूक ओरडते तरी. तुझी गप्प बसली होती.”

मी म्हटलं, मग सगळेच उल्लेख असे बांधून टाकतो. त्यांनी रजेचा छापील अर्ज पुढे केला. त्यावर होतं ‘नियम २५ नुसार रोखीकरण’. “याला कुठून `F9` दाबणार? आणि लोकांच्या सेवापुस्तकांत दहा वर्षं नोंदी आहेत त्यांना?”

मसुदा तयार होत असतो तोवरच आकडे सरकवायचे, एकदा मंजूर झाले की प्रत्येक आकडा त्या नियमाचाच; मधे नवा नियम आला तर आधीच्या आकड्याला अक्षर जोडायचं. राज्यघटनेतलं अनुच्छेद ३१ १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने वगळलं, तरी पुढचं ३२ सरकून ३१ झालं नाही. ३१क, ३१ख आणि ३१ग आपापल्या जागी आहेत. थोडक्यात, माझी दोन दिवसांची सरकवासरकवी मुळातच नको होती. पितृत्व रजा झाली २२क.

त्यातही मी घोळ घातलाच. नियम २२ मध्ये आधीपासून (क), (ख) असे खंड होते. फोनवर कुणी ‘बावीस क’ म्हटलं, तर मातृत्व रजेतला खंड की नवा नियम? शेवटी खंडांना हात न लावता प्रत्येक उल्लेखापुढे विषय लिहिला: ‘नियम २२क (पितृत्व रजा)’. आकडा चुकला तरी वाचणाऱ्याला विसंगती दिसते. काकांना पहिल्याच वाचनात दिसली असती.

‘नियम २२ ते २५ खालील रजा अर्धवेळ कर्मचाऱ्यांना मिळणार नाही’ हे वाक्य मात्र कोणत्याच युक्तीने सापडलं नसतं. त्यातले आकडे बरोबरच होते, पण २२क मधे येऊन बसल्याबरोबर पितृत्व रजाही त्या ‘ते’मध्ये ओढली गेली. मंडळाच्या ठरावात ती सर्व कर्मचाऱ्यांना होती. तिथे ‘नियम २२क वगळून’ असं घालावं लागलं.

पुढच्या वर्षी सायकल भत्त्याचा नियम ३७ रद्द झाला. मी तिथे ‘३७. (वगळला)’ एवढंच ठेवलं. छापखान्यातून फोन आला, मजकूर राहिलाय का म्हणून.